बीपीच्या रुग्णांना स्टॅटिन आणि ॲस्पिरिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात माझ्या दवाखान्यात आणि राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, रामबागेतल्या मंडळींच्या बीपी तपासणीच्या रविवारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, आणि जे लोक पर्चीचा फोटो काढून रात्री उशिरा पाठवतात, त्यांतले हे निवडक. बीपीच्या गोळ्यांबद्दल लोक बरेच काही विचारतात, पण सर्वांत जास्त गोंधळ असतो तो त्या गोळ्यांबरोबर मिळणाऱ्या दोन गोळ्यांचा. मेडिकलवर त्यांना 'कोलेस्टेरॉलची' आणि 'रक्त पातळ करायची' म्हणतात. दोघींची नावे एका दमात घेतली जातात, पण त्यांचे हिशोब अगदी वेगळे आहेत. तुमचे डॉक्टर तुम्हाला समोर बसवून बघतात, त्यामुळे इथले वाचून कुठलीही गोळी आपल्या मनाने सुरू किंवा बंद करू नका. हे वाचून डॉक्टरांना नेमके काय विचारायचे, तेवढे ठरवा.

१. बीपीच्या गोळीसोबत स्टॅटिन आणि ॲस्पिरिन दिली आहे. ह्या बीपी कमी करायच्या गोळ्या आहेत का?

नाहीत. स्टॅटिनने बीपी जेमतेम दोन-तीन आकड्यांनी उतरते. छोट्या मात्रेतल्या ॲस्पिरिनचा बीपीवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. बीपी वाढलेले असले की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर वर्षानुवर्षे ताण येतो, तिथे चरबी साचते आणि एखादा साठा फुटला की त्यावर रक्ताची गुठळी बसते. बहुतेक हार्ट अटॅक आणि बरेच लकवे असेच होतात. बीपीची गोळी ताण कमी करते. स्टॅटिन साचणारी चरबी कमी करते आणि झालेल्या साठ्याला घट्ट, न फुटणारा बनवायला मदत करते. ॲस्पिरिन अगदी शेवटच्या टप्प्यावर काम करते: रक्तातल्या बिंबाणूंना, म्हणजे प्लेटलेट्सना, एकमेकांना चिकटू देत नाही. 'रक्त पातळ होते' हे म्हणणे सोयीचे आहे, पण रक्त पाण्यासारखे होत नसते, फक्त गुठळी धरायची क्षमता घटते. आणि गुठळी धरणे हे शरीराचे कामाचे तंत्रही आहे, हे प्रश्न ५ वाचताना लक्षात ठेवा.

२. माझे कोलेस्टेरॉल रिपोर्टमध्ये नॉर्मल आहे. मग स्टॅटिन कशासाठी?

मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो अगदी योग्य आहे. लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' म्हणजे बहुसंख्य लोकांत आढळणारा आकडा. बीपी असलेल्या माणसाला तोच आकडा पुरेसा सुरक्षित आहे असे त्यावरून ठरत नाही.

याची सर्वांत सरळ तपासणी ज्या अभ्यासात झाली, त्याचे नाव अस्कॉट. २००३ मध्ये त्याचा निकाल आला. बीपी असलेले ४० ते ७९ वयाचे १०,३०५ लोक घेतले. त्यांना बीपीखेरीज आणखी किमान तीन धोके होते, उदाहरणार्थ वय, धूम्रपान किंवा मधुमेह. आधी हार्ट अटॅक कोणालाच आलेला नव्हता आणि एकूण कोलेस्टेरॉल २५० च्या आतच होते. म्हणजे आपल्याकडच्या पुष्कळांना 'ठीक आहे' म्हणून घरी पाठवले असते अशीच मंडळी. अर्ध्यांना ॲटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम दिली, अर्ध्यांना नकली गोळी. बीपीची औषधे दोघांनाही चालू होती. अभ्यास पाच वर्षे चालायचा होता, पण सुमारे सव्वातीन वर्षांतच स्टॅटिनची बाजू इतकी स्पष्ट झाली की हा भाग लवकर थांबवला. नकली गोळीच्या गटात १५४ जणांना हार्ट अटॅक आला किंवा हृदयाच्या धमन्यांच्या आजाराने मृत्यू आला. स्टॅटिनच्या गटात हा आकडा १०० होता. लकवेही साधारण चौथ्या हिश्शाने कमी झाले.

होप-३ हा २०१६ चा अभ्यास त्याच दिशेला जातो. त्यात भारतासह २१ देशांतले १२,७०५ लोक होते, मध्यम धोक्याचे, कुणालाच आधी हृदयविकार नव्हता, आणि त्यांचे सरासरी एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारे वाईट कोलेस्टेरॉल, होते सुमारे १२८. रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमने हार्ट अटॅक, लकवा आणि हृदयविकारामुळे होणारे मृत्यू यांची बेरीज ४.८ टक्क्यांवरून ३.७ टक्क्यांवर आली.

यातून एक गोष्ट पक्की कळते. स्टॅटिनचा फायदा एलडीएल किती होते यापेक्षा ते किती खाली आले आणि तुमचा मुळातला धोका किती होता यावर बसतो. एलडीएल साधारण ३९ ने उतरले की हार्ट अटॅक-लकव्यासारखे मोठे झटके सुमारे पाचव्या हिश्शाने घटतात. पाचवा हिस्सा कशाचा, ते मात्र तुमच्यावर अवलंबून. वीसाचा पाचवा हिस्सा चार, दोनाचा पाचवा हिस्सा अर्धाही नाही.

३. बीपी आता औषधांनी १३० च्या आत आहे. आता तरी स्टॅटिन सोडली तर?

अस्कॉटमधल्या लोकांचे बीपीही औषधांनी बऱ्यापैकी आटोक्यात होते, तरी फायदा झाला. बीपी आटोक्यात आले म्हणजे पुढचा ताण थांबला. वीस वर्षांत अस्तरावर जे साचले ते त्याने धुऊन निघत नाही. बीपीचे औषध आणि स्टॅटिन एकमेकांची जागा घेत नाहीत.

४. मग बीपी असलेल्या प्रत्येकाने स्टॅटिन घ्यावी का?

नाही. माझ्या मते इथे दोन्हीकडे चुका होतात: ज्यांना हवी त्यांना दिली जात नाही आणि बत्तीस वर्षांच्या, नुकते बीपी सापडलेल्या मुलाच्या पर्चीत ती सवयीने येते.

बीपीसोबत खालीलपैकी काही असेल तर मला फार हिशोब करावा लागत नाही. हार्ट अटॅक, स्टेंट, बायपास, गुठळीमुळे झालेला लकवा किंवा पायाच्या धमन्यांचा आजार झालेला असेल. वय चाळिशीच्या पुढे असून मधुमेह असेल. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल, कारण मग ते घराण्यातून आलेले असू शकते आणि भावंडांचीही तपासणी करायला हवी. पन्नाशीनंतर मूत्रपिंडाचा जुना आजार असेल. अशांना स्टॅटिन दिली पाहिजे.

बाकीच्यांसाठी दहा वर्षांचा धोका मोजावा लागतो. वय, पुरुष की स्त्री, वरचे बीपी, धूम्रपान, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल या माहितीवरून तो काढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जगातल्या वेगवेगळ्या विभागांसाठी तक्ते काढले, त्यांत दक्षिण आशियाचा वेगळा आहे. रक्ताच्या रिपोर्टशिवाय, फक्त वजन-उंचीवरून वापरता येईल असाही तक्ता आहे, तो गावात कामी येतो. दहा वर्षांत शंभरातल्या दहा जणांना झटका येईल, इतका धोका निघाला तर स्टॅटिनचा विचार गंभीरपणे करायचा, हा अनेक मार्गदर्शक सूचनांचा उंबरठा आहे. काही सूचना साडेसातवरच करतात.

तक्त्याबाहेरचेही मी बघतो. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आई किंवा बहिणीला पासष्टच्या आत हार्ट अटॅक आला होता का? आपल्या भारतीय लोकांत हार्ट अटॅक लवकर येतो आणि पाश्चात्त्य तक्ते आपला धोका कमी दाखवू शकतात, म्हणून सीमारेषेवरच्या माणसाला मी स्टॅटिनकडे झुकवतो. तरीही निर्णय होत नसेल तर हृदयाच्या धमन्यांतले कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन उपयोगी पडतो. आकडा शून्य आला आणि धूम्रपान किंवा मधुमेह नसेल, तर काही वर्षे थांबता येते. शंभराच्या पुढे आला तर वाद संपतो.

५. ॲस्पिरिन हार्ट अटॅक टाळते हे सर्वांना माहीत आहे. मग माझ्या बीपीत ती का नाही देत?

कारण टाळलेल्या अटॅकाइतकेच रक्तस्राव ती घडवते. ही गोष्ट कळायला वैद्यकशास्त्रालाही वेळ लागला.

१९९८ मध्ये हॉट नावाचा मोठा अभ्यास आला. बीपी असलेले १८,७९० लोक, त्यांतल्या अर्ध्यांना ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन. हार्ट अटॅक खरोखर कमी झाले. लकव्यात काहीच फरक पडला नाही. आणि जीवघेणे नसलेले मोठे रक्तस्राव १२९ विरुद्ध ७०, म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्या काळी डॉक्टरांनी अटॅकचा आकडा पाहिला आणि पन्नाशीनंतरच्या प्रत्येक बीपीवाल्याला ॲस्पिरिन लिहिली. आज ज्यांच्या घरात वडिलांची 'जुनी ॲस्पिरिन' आहे, तिचा उगम बहुधा त्या दशकात सापडेल.

मग २०१८ मध्ये एकाच वर्षी तीन अभ्यासांचे निकाल आले: मध्यम धोक्याच्या लोकांतला अराइव्ह, मधुमेहींतला असेंड आणि वृद्धांतला ॲस्प्री. तिन्हींत फायदा थोडा किंवा नाही, आणि रक्तस्राव जास्त. पुढच्या वर्षी जुने-नवे सर्व अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा झटके साधारण एक दशांशाने घटले आणि मोठे रक्तस्राव चाळीस टक्क्यांनी वाढले. हॉटच्या काळात स्टॅटिन फार कुणाला मिळत नव्हती, बीपी इतके नीट आटोक्यात नव्हते, धूम्रपान जास्त होते. आता जो धोका स्टॅटिन आणि बीपीच्या गोळ्या आधीच खाली आणतात, त्यात ॲस्पिरिनला करायला फारसे काही उरत नाही. रक्तस्राव मात्र तसाच राहतो.

बीपीच्या माणसात आणखी एक धोका आहे. बीपी चढलेले असेल तर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात. त्या फुटल्या तर ॲस्पिरिनमुळे रक्त लवकर थांबत नाही. म्हणून ज्यांना ॲस्पिरिन खरोखर हवी आहे त्यांचेही बीपी आधी नीट खाली आणावे लागते. १७०/१०० असताना ॲस्पिरिन सुरू करणे मला धोक्याचे वाटते.

युरोपातल्या हृदयरोग आणि बीपीच्या तज्ज्ञ संघटनांनी २०१८ मध्येच लिहून ठेवले की हृदयविकार नसलेल्या बीपी रुग्णांना ॲस्पिरिन देऊ नये. अमेरिकेतल्या २०२२ च्या सूचनेनुसार साठीनंतर ती नव्याने सुरू करू नये. चाळीस ते एकोणसाठ वयात, धोका दहा टक्के किंवा त्याहून जास्त असेल आणि रक्तस्रावाची शक्यता कमी असेल, तरच व्यक्तीपरत्वे विचार करावा.

६. माझ्या कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन आणि स्टॅटिन एकत्रच आहे. त्यात काय बिघडले? एका गोळीत दोन कामे होतात.

हार्ट अटॅक किंवा स्टेंटनंतर ही कॅप्सूल सोयीची आहे, कारण तिथे दोन्ही हव्यातच. पण केवळ बीपी असलेल्या माणसाला ती दिली की ज्या गोळीची गरज आहे ती आणि जिची नाही ती अशा दोघी जोडीने पोटात जातात. बिघाड झाला की दोघी जोडीनेच बाहेर पडतात. एक उदाहरण सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

एक गृहस्थ, वय ५८, बँकेतून निवृत्तीच्या जवळ आलेले. तेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिनवर बीपी १३२/८२. मधुमेह नाही, सिगारेट नाही. वडिलांना बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅक. कुणीतरी त्यांना ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि १० मिलिग्रॅम ॲटोरव्हास्टॅटिनची एकत्र कॅप्सूल लिहिली होती. दोन वर्षे ठीक गेली. मग गुडघा दुखायला लागला आणि ते मेडिकलवरून डायक्लोफेनॅक आणून महिनाभर घेत राहिले. राजवाड्याच्या गर्दीत चालताना धाप लागू लागली. शौचाला डांबरासारखे काळे होत होते, पण ते त्यांनी कुणाला सांगितले नाही. हिमोग्लोबिन १३.६ वरून ९.४ वर उतरले होते. दुर्बिणीने पाहिले तर जठरात व्रण.

व्रण भरला. कॅप्सूल अर्थातच बंद झाली. आणि तिच्याबरोबर स्टॅटिनही बंद झाली, कारण ती त्याच आवरणात होती. कुणाच्या लक्षातही आले नाही. आठ महिन्यांनी ते माझ्याकडे आले तेव्हा एकूण कोलेस्टेरॉल २०४, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १८०, एलडीएल १२८.

त्यांच्यासमोर कागदावर असा हिशोब मांडला. समजा त्यांच्यासारख्या शंभर जणांत दहा वर्षांत बाराजणांना हार्ट अटॅक किंवा लकवा होईल. ॲटोरव्हास्टॅटिन १० ने एलडीएल १२८ वरून साधारण ८० वर येईल, म्हणजे ४८ ने उतरेल. ३९ ला पाचवा हिस्सा, तर ४८ ला साधारण चौथा. बाराचे नऊ झाले, तिघे वाचले. आता वर ॲस्पिरिन दिली तर उरलेल्या नवातला एक दशांश, म्हणजे जेमतेम एक जण आणखी वाचेल. या वयाच्या शंभरात दहा वर्षांत दोन मोठे रक्तस्राव होतात असे धरले, तर ॲस्पिरिनमुळे ते जवळजवळ तीन होतील. एक मिळवला आणि एक गमावला. आणि ज्याला आधीच जठरात व्रण झाला आहे, त्याच्या बाबतीत गमावण्याची बाजू याहून कितीतरी जड.

त्यांना आता नुसती स्टॅटिन चालू आहे. तुमची पट्टी उलटी करून मागे बारीक अक्षरांत लिहिलेली औषधांची नावे वाचा. दोन नावे असतील आणि तुम्हाला कधी अटॅक, स्टेंट किंवा लकवा झालेला नसेल, तर डॉक्टरांना म्हणा, 'यातली ॲस्पिरिन मला कशासाठी?'

७. बाबा ७६ वर्षांचे आहेत, पंधरा वर्षे ॲस्पिरिन घेतात, कधी काही झाले नाही. बंद करू की राहू दे?

आधी 'काही झाले नाही' याची खात्री करा. मला दोनदा असे घडले की जुनी फाइल उघडल्यावर बाराएक वर्षांपूर्वीचा 'हात दोन दिवस बधिर होता' असा लहान लकवा सापडला. त्या माणसाची ॲस्पिरिन बंद करायची नसते.

खरोखर काही झाले नसेल, तर माझे मत बंद करण्याकडे आहे. ॲस्प्री अभ्यासात १९,११४ वृद्ध होते, बहुतेक सत्तरीच्या पुढचे. १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिनने त्यांना झटक्यांत फायदा मिळाला नाही आणि मोठे रक्तस्राव सुमारे ३८ टक्क्यांनी जास्त झाले. वयाबरोबर हा धोका चढत जातो, म्हणून पंधरा वर्षे निभावले याचा अर्थ सोळावे निभावेल असा होत नाही. मात्रा हळूहळू कमी करायची गरज नसते. आठ-दहा दिवसांत नव्या प्लेटलेट्स तयार होतात आणि जुना परिणाम जातो. फक्त डॉक्टरांना दाखवून, कारण तपासून बंद करा.

त्यांची स्टॅटिन मात्र त्रास देत नसेल तर चालू ठेवा. पंचाहत्तरीनंतर ती नव्याने सुरू करायची की नाही हा वेगळा आणि अवघड प्रश्न आहे. तिथे माणसाची एकूण तब्येत आणि त्याची स्वतःची इच्छा मला आकड्यांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

८. मला स्टेंट आहे. हे सगळे वाचून मीही ॲस्पिरिन बंद करू?

अजिबात नाही. प्रश्न ५ ते ७ तुमच्यासाठी नाहीत. ज्यांना हार्ट अटॅक, स्टेंट, बायपास किंवा गुठळीचा लकवा झाला आहे त्यांच्यात पुन्हा गुठळी व्हायचा धोका इतका मोठा असतो की ॲस्पिरिनचा फायदा रक्तस्रावाच्या बराच पुढे जातो. स्टेंटनंतरच्या पहिल्या महिन्यांत अचानक बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. दाढ काढायची असली तरी सहसा ॲस्पिरिन थांबवावी लागत नाही. दंतवैद्य 'पाच दिवस बंद करा' म्हणाले, तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा. डॉक्टरांनी ॲस्पिरिनऐवजी क्लोपिडोग्रेल दिली असेल, तर ती त्याच कामासाठी आहे.

९. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. तेव्हा तर ॲस्पिरिन लागेलच ना?

इथे तराजूचे काटे जवळजवळ समान आहेत. असेंडमध्ये १५,४८० मधुमेही होते आणि ते सात वर्षांहून जास्त काळ पाहिले गेले. गंभीर झटके ९.६ टक्क्यांवरून ८.५ वर आले, मोठे रक्तस्राव ३.२ वरून ४.१ वर गेले. म्हणजे शंभरात एकाचा फायदा आणि जवळजवळ तेवढ्याचाच तोटा. मी सरसकट देत नाही. पन्नास ते सत्तर वयाचा, धूम्रपान करणारा किंवा लघवीतून प्रथिने जाणारा, पोटात कधी व्रण नसलेला, बीपी आटोक्यात असलेला माणूस असेल तर त्याच्याशी मोकळेपणाने बोलून ठरवतो. स्टॅटिनबद्दल मात्र वाद नाही, प्रश्न ४ पाहा.

१०. स्टॅटिन सुरू झाल्यापासून पोटऱ्या आणि मांड्या दुखतात. हे गोळीमुळेच असेल ना?

असेलही, पण बहुतेक वेळा नसते. एक फार हुशारीने बांधलेला अभ्यास आहे, सॅमसन. ज्यांनी त्रासामुळे स्टॅटिन सोडली होती अशा साठ जणांना वर्षभर महिन्याला एक बाटली दिली: काही महिने स्टॅटिन, काही महिने नकली गोळी, काही महिने रिकामी बाटली. त्यांना मोबाइलवर रोजचा त्रास नोंदवायचा होता. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रास कमी होता. पण स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास झाला, त्याचा सुमारे ९० टक्के नकली गोळीनेही झाला. दुखणे खोटे नव्हते. गोळी घेतल्याची धास्ती ते जाणवून देत होती. आपला निकाल पाहून त्यांतल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

खरा स्नायूंचा त्रास सहसा दोन्ही बाजूंना, मांड्या-खांद्यांसारख्या मोठ्या स्नायूंत असतो आणि गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत येतो. एका गुडघ्याचे किंवा एका टाचेचे दुखणे तिच्या माथी मारू नका. मी थायरॉइड तपासतो, कारण थायरॉइड कमी असेल तर स्नायू दुखतात आणि कोलेस्टेरॉलही वाढते. सीके नावाची रक्ततपासणी करतो. तो आकडा वरच्या मर्यादेच्या दहापट असेल, किंवा लघवी चहासारखी गडद झाली असेल, तर गोळी लगेच बंद. एरवी दोन-तीन आठवडे सोडून बघतो आणि मग दुसरी स्टॅटिन कमी मात्रेत, कधी एक दिवसाआड देतो. दहातल्या बऱ्याच जणांना काहीतरी मानवते.

११. स्टॅटिनने शुगर होते आणि लिव्हर खराब होते म्हणतात.

शुगरबद्दल थोडे खरे आहे. २५५ जणांनी चार वर्षे स्टॅटिन घेतली तर एकाला जास्तीचा मधुमेह होतो, आणि तो बहुधा आधीच सीमारेषेवर असतो. त्या बदल्यात टळणारे झटके, प्रश्न ४ मधल्या लोकांत, जास्त असतात. लिव्हरची तपासणी सुरू करताना एकदा करतात. एन्झाइम वरच्या मर्यादेच्या तिपटीवर गेले तरच थांबवायचा विचार. चरबीयुक्त लिव्हर असला तरी स्टॅटिन चालते.

१२. बीपीच्या गोळ्या आणि पेनकिलरबरोबर काही घोळ होतो का?

होतो. ॲम्लोडिपिन घेणाऱ्यांनी सिम्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या वर घेऊ नये. डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल असेल तर आणखी जपायचे. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक पाच-सात दिवस द्यायचे असेल तेव्हा सिम्व्हास्टॅटिन थांबवतात आणि ॲटोरव्हास्टॅटिनबद्दल डॉक्टरांना विचारावे लागते. आपल्या आशियाई लोकांत रोसुव्हास्टॅटिन रक्तात जास्त चढते, म्हणून ती ५ मिलिग्रॅमपासून सुरू करणे शहाणपणाचे. सिम्व्हास्टॅटिन रात्री घ्यावी. ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन कधीही, फक्त रोज.

पेनकिलरचा मुद्दा जास्त गंभीर आहे. आयब्युप्रोफेन आधी घेतली तर ॲस्पिरिनला प्लेटलेटवर बसायची जागाच मिळत नाही आणि तिचा हृदयावरचा उपयोग जातो. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक बीपी वाढवतात आणि ॲस्पिरिनसोबत जठर सोलून काढतात. प्रश्न ६ मधल्या गृहस्थांचे तेच झाले. गुडघ्यासाठी आधी पॅरासिटामॉल किंवा वरून लावायचे मलम वापरून बघा. ॲस्पिरिनच्या गोळीवर आतड्यात विरघळणारे आवरण असले तरी रक्तस्रावापासून संरक्षण मिळत नाही. ज्याला ॲस्पिरिन हवीच आहे आणि पोटाचा धोका आहे, त्याला रोज पँटोप्राझोलसारखी गोळी देतात.

१३. लसूण, अर्जुनाची साल, जवस घेतले तर स्टॅटिन टळेल का?

लसणाने एलडीएल थोडे उतरते, पण स्टॅटिनच्या ३५-४० टक्क्यांच्या जवळपासही नाही. आणि साधी गोष्ट: आपल्याकडे पोह्यांवर रोज मूठभर शेव पडते, तिच्यातल्या मिठाने बीपी चढते. लसणाच्या पाकळीपेक्षा ती मूठ कमी केलेली मला जास्त आवडेल.

१४. सुनेला लग्नाआधीपासून बीपी आहे, आता दिवस गेले आहेत. डॉक्टरांनी ॲस्पिरिन सुरू केली. वर तर तुम्ही ती नको म्हणता!

हा प्रश्न फार महत्त्वाचा, आणि तिने ती घ्यावी. गरोदरपणात आधीपासूनचे बीपी असेल तर बीपी अचानक चढून लघवीतून प्रथिने जाणे, आकडी येणे, बाळाची वाढ खुंटणे असा प्री-एक्लॅम्प्सियाचा धोका मोठा असतो. बारा ते सोळा आठवड्यांच्या दरम्यान सुरू केलेली ७५ ते १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन हा धोका कमी करते. काम इथेही गुठळ्या आणि वारेतल्या रक्तप्रवाहाशी निगडित आहे, हार्ट अटॅकशी नाही. सहसा छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास थांबवतात. नेमके कधी ते तिच्या डॉक्टर ठरवतील. स्टॅटिन मात्र बहुतेक गरोदर स्त्रियांत थांबवतात, आणि तेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिलसारखी बीपीची गोळी असेल तर ती बाळाला घातक असते, म्हणून दिवस गेल्याचे कळताच त्याच दिवशी फोन करावा.

१५. घरात कुणाला अचानक त्रास झाला तर ॲस्पिरिन द्यायची का?

छातीत मध्यभागी दाबून आल्यासारखे, हाताला किंवा जबड्याला जाणारे, घामाने चिंब करणारे दुखणे असेल तर १०८ ला फोन करा आणि साधारण ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून गिळायला द्या. ७५ च्या चार गोळ्या झाल्या. चावायला हवी, कारण आवरणाची गोळी गिळली तर परिणामाला वेळ लागतो. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल किंवा सध्या कुठून रक्त जात असेल तर देऊ नका. १९८८ च्या इसिस-२ अभ्यासात हार्ट अटॅकच्या वेळी दिलेल्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले मृत्यू जवळजवळ चौथ्या हिश्शाने कमी केले होते.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर ॲस्पिरिन देऊ नका. बीपीच्या माणसाचा लकवा गुठळीचा आहे की मेंदूत रक्त सांडले आहे हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. ते सीटी स्कॅनच सांगतो. रक्त सांडले असेल तर ॲस्पिरिनने ते वाढेल. बीपी खाली आणायला जिभेखाली गोळीही देऊ नका. त्रास सुरू झाल्याची नेमकी वेळ कागदावर लिहा आणि सीटीची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. साडेचार तासांच्या आत पोहोचलात तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येऊ शकते, आणि डॉक्टर सर्वांत आधी हीच वेळ विचारतात.